फरक सापडतो, कारण हरवतं

ऑस्ट्रेलियात आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं, आणि त्याच्या आसपासचा एखादा शनिवार-रविवार हजारो गोदामांमध्ये मोजणीसाठी राखून ठेवलेला असतो. आवक थांबते, ट्रक परत पाठवले जातात, ऑफिसातले लोकही क्लिपबोर्ड किंवा स्कॅनर घेऊन रॅकपाशी उभे राहतात. सोमवारी आकडे सिस्टिममध्ये चढतात, फरकाची एक नोंद पडते आणि पुढच्या जूनपर्यंत विषय मिटतो. हे पुस्तक त्या दोन दिवसांऐवजी वर्षभर रोज थोडी थोडी, मालाच्या वर्गाप्रमाणे मोजणी करण्याबद्दल आहे. ईआरपीच्या भाषेत तिला सायकल काउंट म्हणतात. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन इथल्या गोदामांत आणि त्यांच्या ईआरपी प्रकल्पांत आज बरीच मराठी माणसं काम करतात. त्यांच्यासाठी, आणि पुणे-नाशिकच्या ज्या टीम इथल्या कंपन्यांची सिस्टिम तिथून चालवतात त्यांच्यासाठी, हा विषय मराठीत सविस्तर मांडावा असं फार दिवस मनात होतं.

सायकल काउंटची शिफारस करताना बहुतेक जण सांगतात की त्याने वेळ वाचतो. माझा अनुभव तसा नाही आणि साधं गणितही तसं सांगत नाही. ते गणित आधी मांडतो, कारण चुकीच्या अपेक्षेने सुरू केलेली सायकल काउंट तीन-चार महिन्यांत बंद पडते.

मेलबर्नच्या दक्षिण-पूर्वेला डँडेनाँगच्या पट्ट्यात पंप, पाइप आणि सिंचनाचे सुटे भाग विकणारं एक मध्यम आकाराचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. हे गोदाम मी उदाहरणासाठी रचलं आहे, पण त्यातले आकडे अशा गोदामांच्या जवळपास जाणारे आहेत. मालाचे 6,000 कोड. त्यातले 600 ए वर्गात, 1,200 बी वर्गात आणि उरलेले 4,200 सी वर्गात. ए वर्गाचा माल सरासरी अडीच जागी ठेवलेला असतो, खाली उचलायचा आणि वर राखीव पॅलेटवर. बी वर्गाचा दीड जागी, सी वर्गाचा एकाच जागी. म्हणजे एकूण 7,500 बिन. दोन दिवसांत ते सगळे मोजायचे तर दोघादोघांच्या 12 जोड्या लावल्या तरी प्रत्येक जोडीला तासाला 39 बिन उरकावे लागतात. म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक बिन. त्यातच शिडी आणायची, खोके उघडायचे, लेबल वाचायचं आणि आकडा लिहायचा. एकूण खर्च 384 मनुष्यतास.

आता वर्गवार मोजणी. ए वर्ग वर्षातून सहा वेळा, बी दोनदा, सी एकदा. ए वर्गाच्या 1,500 बिनच्या सहा फेऱ्या म्हणजे 9,000, बीच्या 1,800 बिनच्या दोन फेऱ्या म्हणजे 3,600, आणि सीचे 4,200. एकूण 16,800. वर्षाचे 240 कामाचे दिवस धरले तर रोज 70 बिन. एक सराईत माणूस स्कॅनर घेऊन, घाई न करता, तासाला 20 बिन मोजतो. म्हणजे रोज साडेतीन तास आणि वर्षाला 840 तास. जूनच्या मोजणीच्या दुपटीहून अधिक.

तेव्हा तास वाढतात. ते गोदाम बंद न करता, नेहमीच्या पगाराच्या वेळेत आणि शांतपणे वापरले जातात, हा फायदा आहेच, पण तेवढ्यासाठी कोणी इतकी व्यवस्था उभी करू नये. हे जास्तीचे तास एकाच गोष्टीसाठी खर्ची पडतात: फरक दिसला की त्याचं कारण सापडावं.

कारण का हरवतं, हे एका व्हॉल्व्हवरून पाहू. 20 मिलिमीटरचा पितळी बॉल व्हॉल्व्ह या गोदामात आठवड्याला सुमारे तीस वेळा हलतो: विक्री, परतावा, आवक, राखीव जागेतून खाली आणणं. वर्षाला दीड हजार नोंदी. 30 जूनला त्याच्यात फरक सापडला, तर तो त्या दीड हजारांपैकी कुठल्याही नोंदीत जन्मलेला असू शकतो. बरं, तो एकाच चुकीचा असतोच असं नाही. बारा महिन्यांत पाच-सहा चुका एकमेकींवर चढतात, काही अधिकच्या, काही उण्याच्या, आणि शेवटी जो आकडा उरतो तो कुठल्याच चुकीशी जुळत नाही. गोदामाचा व्यवस्थापक कितीही हुशार असला तरी 31 नग कमी या आकड्यातून त्याला काही वाचता येत नाही. मग तो फरक ‘समायोजन’ या नावाखाली खर्ची घालतो, आणि ज्या कारणाने तो झाला ते कारण पुढच्या वर्षीही तसंच चालू राहतं.

दर दोन महिन्यांनी मोजणाऱ्याला याच व्हॉल्व्हच्या सुमारे अडीचशे नोंदी तपासाव्या लागतात. त्याहून मोलाचं म्हणजे, इतक्या कमी काळात बहुधा एकच चूक झालेली असते, आणि एकट्या चुकीला स्वतःचा ठसा असतो. समजा मार्चमधल्या फेरीत सिस्टिममध्ये 412 आणि बिनमध्ये 388 निघाले. 24 कमी. दुसऱ्या माणसाने आधीचा आकडा न पाहता पुन्हा मोजले, तेव्हाही 388. उचललेले पण अजून नोंद न झालेले नग आहेत का, तेही तपासलं, नाहीत. आता 24 या आकड्याकडे नीट पाहायचं. हे व्हॉल्व्ह 24 च्या खोक्यात येतात. फरक खोक्याच्या पटीत असेल, तर सुट्या नगांची चोरी किंवा काउंटरवरची किरकोळ चूक हा संशय मागे पडतो आणि आवकेकडे पाहावं लागतं. शेजारच्या बिनमध्ये 25 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आहे. त्याची पाळी अजून आलेली नाही, तरी तो त्याच दिवशी मोजला. सिस्टिममध्ये 190, हातात 214. बरोबर 24 जास्त.

आता गोष्ट उघड झाली. 25 मिलिमीटरचं एक खोकं आवकेच्या वेळी 20 मिलिमीटरच्या कोडवर चढलं. ठेवणाऱ्याने खोक्यावरचं माप वाचून ते योग्य जागी ठेवलं, म्हणून माल बरोबर आणि कागद चूक. गेल्या दोन महिन्यांत या दोन कोडच्या आवका मोजक्याच आहेत, त्यामुळे कुठली हे शोधायला अर्धा तास पुरतो. खात्री करायची जागा हिशेब विभागात आहे: पुरवठादाराच्या बिलात 25 मिलिमीटरचे 24 नग जास्त आहेत आणि आवक नोंदीत ते नाहीत, म्हणून ऑर्डर, आवक आणि बिल जुळत नाही असं सांगत ते बिल तिथे अडकून पडलेलं असतं. हिशेबाची बाई दोन आठवडे त्या बिलासाठी फोन करत असते आणि गोदामाला त्याचा पत्ता नसतो.

इथे बहुतेक गोदामं एक पाऊल चुकतात, आणि सिस्टिम त्यांना ते चुकू देते. सॅपमध्ये मोजणीचे आकडे `MI04` ने भरले, `MI20` मध्ये फरक पाहिले आणि `MI07` ने पोस्ट केले, की 20 मिलिमीटरच्या कोडवर 702 ही घटीची आणि 25 मिलिमीटरच्या कोडवर 701 ही वाढीची हालचाल पडते. साठा बरोबर झाला. पण खरेदी किंमत एकाची 14 डॉलर आणि दुसऱ्याची 21 डॉलर असेल, तर खात्यांत 336 डॉलरचा तोटा, 504 डॉलरचा नफा आणि निव्वळ 168 डॉलरचा असा नफा उभा राहिला जो जगात कुठेच घडला नाही. शिवाय ते बिल अडकलेलंच. बरोबर उपाय म्हणजे मोजणीचा कागद पोस्ट न करता ती आवक उलटवणं, म्हणजे 102, आणि योग्य कोडवर पुन्हा 101 करणं. मग साठा, किंमत आणि बिल तिन्ही एकदम जागेवर येतात. मोजणीतून दिसलेला फरक मोजणीच्या खिडकीतूनच दुरुस्त करायची घाई करू नये, हा नियम मी या पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितला आहे. जूनच्या रविवारी संध्याकाळी तो पाळणं शक्यच नसतं, कारण समोर चारशे फरक असतात आणि सोमवारी सकाळी सहाला ट्रक.

कारण ताज्या चुकीचंच सापडतं, म्हणून कुठला माल किती वेळा मोजायचा, म्हणजे वर्ग कशावरून ठरवायचा, या प्रश्नाकडे येतो, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. ए-बी-सी ही विभागणी गोदामातल्या मोजणीसाठी जन्मलेली नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी 1951 मध्ये ती लेखातून मांडली, ती कुठल्या मालाच्या खरेदीकडे आणि साठ्याकडे जास्त लक्ष द्यायचं हे ठरवण्यासाठी. वार्षिक खप गुणिले किंमत काढा, उतरत्या क्रमाने लावा, वरचे थोडे कोड बहुतेक पैसा व्यापतात, त्यांच्यावर नजर ठेवा. खरेदीसाठी हे उत्तम आहे. मोजणीला मात्र वेगळा प्रश्न विचारायचा असतो: कुठल्या कोडमध्ये चूक लवकर जन्मते, आणि कुठल्या चुकीचा माग लवकर पुसला जातो? चूक नोंदीतून जन्मते. म्हणून मोजणीचा वर्ग ठरवताना किती वेळा हलतो हे किती पैशांचा हलतो याच्या आधी यावं. सी वर्गातला एखादा जाड गॅस्केट वर्षात दहाच वेळा हलत असेल, तर वर्षातून एकदा मोजला तरी त्याच्या मागे दहाच नोंदी आहेत. त्याचा माग बारा महिन्यांनीही ताजा असतो. उलट स्वस्तातला, पण दिवसातून दहा वेळा हलणारा थ्रेड टेप पैशांच्या हिशेबाने सी मध्ये बसतो आणि वर्षभर कोणी त्याच्याकडे पाहत नाही. तो संपला की प्लंबर काउंटरवरून रिकाम्या हाताने जातो आणि बरोबरची शंभर डॉलरची ऑर्डरही घेऊन जातो.

सिस्टिम हे आपणहून करत नाही. सॅपमध्ये `MIBC` हा कार्यक्रम खपाच्या किंवा गरजेच्या किमतीवर कोड वर्गांत वाटतो; किती टक्के किमतीपर्यंत ए, किती पर्यंत बी, आणि प्रत्येक वर्ग वर्षातून किती वेळा मोजायचा, हे `OMCO` मध्ये ठरवतात. मग `MICN` रोज ज्यांची पाळी आली आहे त्यांचे मोजणीचे कागद तयार करतो. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये हेच काम `Phys. Invt. Counting Period` मधल्या `Count Frequency per Year` ने होतं. नावं वेगळी, कल्पना तीच. पण `MIBC` रात्री आपोआप चालवून निर्धास्त राहिलं, तर तीन प्रकारचे कोड हमखास चुकीच्या वर्गात जातात. नवा माल, ज्याला अजून खपाचा इतिहासच नाही. तो थेट तळाच्या वर्गात पडतो, खरं तर नव्या कोडवर आवकेच्या चुका सर्वांत जास्त होतात. बंद होत आलेला माल, ज्याचा खप शून्यावर आला आहे पण रॅकवर अजून पन्नास हजार डॉलरचा पडून आहे. मोजणीला तो नकोसा, ताळेबंदाला मात्र हवासा. आणि खिशात मावणारा, बाहेर सहज विकला जाणारा माल. अशा कोडला हाताने वर्ग द्यायचा आणि मटेरियल मास्टरमधल्या `CC fixed` या खुणेने तो पक्का करायचा, म्हणजे पुढच्या वेळी `MIBC` त्याला हलवत नाही. ही एक छोटी खूण बहुतेक गोदामांत रिकामी असते.

ऑस्ट्रेलियाचं हवामान यात आणखी एक गुंता घालतं. सिंचनाचा माल इथे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत धावतो; जूनमध्ये व्हिक्टोरियात थंडी असते आणि असं गोदाम निवांत असतं. वरवर पाहता पूर्ण मोजणीला हा मोसम सोयीचा. पण सर्वांत जास्त चुका डिसेंबरच्या आसपास जन्मतात. तेव्हा मजूर पुरवणाऱ्या एजन्सीकडून नवी माणसं आलेली असतात, जुनी नाताळच्या सुट्टीवर जातात आणि एका दिवसात तीन दिवसांच्या ऑर्डर निघतात. जूनची मोजणी त्या चुकांपर्यंत सहा महिन्यांनी पोचते. म्हणून वर्षातून सहा फेऱ्या म्हणजे दर दोन महिन्यांनी एक, असं सरळ वाटप करू नये. ए वर्गाच्या चार फेऱ्या ऑक्टोबर ते मार्च या काळात घालाव्या आणि दोन उरलेल्या महिन्यांत. हे सांगायला सोपं आणि पाळायला कठीण आहे, कारण नेमक्या त्याच दिवसांत मोजणाऱ्या माणसाला उचलायच्या कामावर ओढलं जातं. त्याला ओढलं जातंय की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे पाळी उलटून गेलेल्या कोडची यादी. ती दोन आठवडे वाढत राहिली, तर मोजणी कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद आहे असं समजावं. या एका आकड्यावर व्यवस्थापकाची नजर दर सोमवारी असायला हवी, अचूकतेच्या टक्केवारीच्याही आधी.

अचूकतेच्या टक्केवारीबद्दल बोलतोच आहे तर तिचीही एक अडचण सांगतो. जूनच्या मोजणीनंतर हिशेबनीस विचारतो, निव्वळ फरक किती? चोवीस लाख डॉलरच्या साठ्यात बाराशे डॉलर कमी म्हणजे शेकडा 0.05. तो समाधानी होतो, आणि त्याच्या जागी ते योग्यही आहे. पण त्या बाराशेच्या मागे चाळीस हजारांची वाढ आणि एकेचाळीस हजार दोनशेची घट दडलेली असू शकते. पाचपैकी एक कोड चुकीचा असूनही निव्वळ फरक नगण्य दिसतो, कारण एका व्हॉल्व्हची घट दुसऱ्याच्या वाढीने झाकली जाते. ग्राहकाला मात्र निव्वळ व्हॉल्व्ह विकता येत नाही. त्याला 20 मिलिमीटरचाच हवा असतो. म्हणून सायकल काउंटचं माप कोडनिहाय घ्यायचं: मोजलेल्यांपैकी किती कोड ठरवलेल्या मर्यादेत बरोबर निघाले. ए वर्गाला मर्यादा शून्य. वजन करून मोजायच्या नट-बोल्टना शेकडा दोन-तीनची सूट ठीक, कारण तिथे तराजूचीच चूक तेवढी असते. आणि मोजणाऱ्याला सिस्टिममधला आकडा दाखवायचा नाही. पडद्यावर 412 दिसत असताना 388 मोजणारा माणूस पुन्हा मोजतो, आणि तिसऱ्यांदा त्याला 412 सापडतात.

मोजणी चालू असताना माल हलत राहतो, ही सायकल काउंटबद्दलची एक मोठी भीती. भीती खरी आहे, पण उपाय सोपे आहेत. मोजणीच्या कागदाला सॅपमध्ये पोस्टिंग ब्लॉक लावता येतो, म्हणजे त्या कोडची हालचाल मोजून होईपर्यंत अडते. ते परवडत नसेल तर कागद उघडतानाचा पुस्तकी साठा गोठवता येतो आणि फरक त्याच्याशी काढला जातो. त्याहून उत्तम म्हणजे वेळ निवडणं. सकाळी पहिली ऑर्डर निघायच्या आधी, किंवा बिन जवळजवळ रिकामा झाला असताना. दोन नग मोजायला दोनशे मोजण्याइतका वेळ लागत नाही, आणि चूकही होत नाही. सिस्टिम म्हणते तिथे शून्य उरायला हवेत आणि उचलणाऱ्याला तीन दिसतात, हा क्षण फुकटात मिळालेली मोजणी असतो. स्कॅनरवर तिथेच ‘बिन खरंच रिकामा आहे का’ हा प्रश्न यायला हवा.

आता मर्यादा, आणि ही मर्यादा सायकल काउंटच्या जाहिरातीत कधी सांगितली जात नाही. कोडनिहाय मोजणी यादीतून निघते, आणि यादीत तोच माल असतो जो सिस्टिमला माहीत आहे, त्याच बिनमध्ये जो सिस्टिमला माहीत आहे. चौथ्या रांगेच्या वरच्या खणात कुणीतरी ‘तात्पुरतं’ ठेवलेलं पॅलेट कुठल्याच यादीत कधी येत नाही. पूर्ण मोजणी भिंतीपासून भिंतीपर्यंत चालते, म्हणून तिला ते सापडतं. सायकल काउंट करणाऱ्या गोदामात असा माल वर्षानुवर्षं राहतो, आणि तोच माल पुन्हा मागवला जातो. म्हणून वर्गवार मोजणीबरोबर जागेवार फेरी ठेवावीच लागते: रोज एका खणाचे सगळे बिन, सिस्टिम रिकामे म्हणते ते धरून. वरच्या 70 शिवाय रोज दहा बिन याला द्यावेत, असं माझं मत आहे.

नोंदी आणि रॅक यांतली दरी वाढत गेली तर ती किती मोठी होऊ शकते, याचं ऑस्ट्रेलियातलं एक मोठं सार्वजनिक उदाहरण एका खासगी गोदामाचं नाही, संरक्षण खात्याचं आहे. 2003-04 आणि 2004-05 या वर्षांच्या संरक्षण खात्याच्या आर्थिक पत्रकांवर राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला मत बनवता आलं नाही, आणि त्याच्या प्रमुख कारणांत सामान्य भांडारातल्या साठ्याची संख्या आणि किंमत यांवर विसंबता येत नाही हे होतं. त्या वेळी भांडार ‘स्टँडर्ड डिफेन्स सप्लाय सिस्टिम’ या संगणकीय व्यवस्थेत नोंदलं जात होतं. 2010 मध्ये तिची जागा नव्या व्यवस्थेने घेतली. मधली वर्षं नोंदींची अचूकता सुधारण्याच्या योजनांत गेली. त्यातून मला दिसतं ते हे: एकदा नोंदींवरचा विश्वास उडाला की एकाच मोठ्या मोजणीने तो परत येत नाही. मोजलेला आकडा बरोबर असेल, पण उद्या सकाळची आवक त्याच जुन्या वाटेने चुकते. साठा कशाने बिघडतो ते शोधून, ती वाट बंद करूनच पुढे जावं लागतं, आणि ते वर्गवार, तुकड्यातुकड्यानेच होतं.

लेखापरीक्षकाचा विषय निघालाच आहे. पूर्ण मोजणी बंद केली तर परीक्षक काय म्हणेल, हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पात पहिल्या बैठकीत येतो. ऑस्ट्रेलियाचं लेखापरीक्षण मानक एएसए 501 सांगतं की साठा महत्त्वाचा असेल तर परीक्षकाने प्रत्यक्ष मोजणीला हजर राहून पुरावा घ्यावा. ती मोजणी 30 जूनलाच व्हावी असा हट्ट त्यात नाही. सतत चालणाऱ्या नोंदींवर आधारलेली मोजणीही त्याला चालते, मात्र त्या नोंदी विश्वासार्ह आहेत याची त्याला खात्री पटायला हवी. प्रत्यक्षात परीक्षकाला तीन गोष्टी हव्या असतात: वर्षभरात प्रत्येक कोड किमान एकदा मोजला गेला याचा दाखला, सापडलेले फरक कुठल्या तारखेला कशा नोंदीने दुरुस्त झाले याची वाट, आणि त्याला स्वतः येऊन कुठल्याही दिवशी दहा-वीस बिन मोजता येतील अशी मोकळीक. करासाठी 1997 च्या आयकर कायद्यातलं विभाग 70 सुरुवातीच्या आणि शेवटच्या साठ्याची तुलना मागतं. लहान उद्योगांना सवलत आहे: साठ्यातला अंदाजे बदल 5,000 डॉलरच्या आत असेल तर त्यांना तो हिशेबात धरावा लागत नाही. डँडेनाँगचं आपलं गोदाम त्या सवलतीच्या खूप पलीकडचं आहे, तेव्हा त्याला दाखले लागणारच. हिशेबाच्या मानकाप्रमाणे, म्हणजे एएएसबी 102 प्रमाणे, साठा खरेदी किंमत आणि निव्वळ विक्रीयोग्य किंमत यांत जी कमी तिने धरतात. त्यामुळे मोजणाऱ्याने खराब झालेलं खोकं वेगळं दाखवलं, तर त्याचा उपयोग संख्येपेक्षा किमतीला जास्त होतो. मोजणीच्या कागदावर ‘स्थिती’ नावाचा एक रकाना ठेवावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

सुरुवात कुठून करायची, तर सगळ्या 6,000 कोडपासून नाही. शंभर कोड निवडा. काही ए, काही बी, काही सी, वेगवेगळ्या रांगांतले, आणि त्यात थ्रेड टेपसारखे स्वस्त पण धावते दोन-चार असू द्या. हे शंभर दर आठवड्याला पुन्हा पुन्हा मोजा. पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस चुकीचे निघतील. त्यांची दुरुस्ती करा. दुसऱ्या आठवड्यात जो फरक दिसेल तो गेल्या सात दिवसांत जन्मलेला आहे, हे आता निश्चित माहीत असतं, त्यामुळे त्याचं कारण शोधता येतंच. बहुधा पाच-सहाच कारणं पुन्हा पुन्हा निघतात, जसं की खोकं आणि नग यांतला गोंधळ, आवकेवरची चुकीची लेबलं, परताव्याची उशिरा नोंद, उचललं एका बिनमधून आणि स्कॅन दुसऱ्याचं. एकेक बंद करत जा. जेव्हा हे शंभर सलग चार आठवडे बरोबर राहतील, तेव्हा वर्गवार मोजणी सगळ्या गोदामाला लावा. या टप्प्याआधी ती लावली, तर 16,800 मोजण्या त्याच पाच-सहा कारणांचे फरक शोधत बसतात.

आणि पहिल्या वर्षी जूनची पूर्ण मोजणी सोडू नका. दोन्ही करा. जूनच्या मोजणीत जे फरक निघतील ते सायकल काउंटच्या वर्षभराच्या नोंदींशी ताडून पाहा. ए वर्गाचे शेकडा 98 कोड बरोबर निघाले, जागेवार फेरीने न सापडलेलं एकही मोठं पॅलेट भिंतीपाशी मिळालं नाही, आणि पाळी उलटलेल्या कोडची यादी वर्षभर एका आठवड्याच्या कामापेक्षा मोठी झाली नाही, तर परीक्षकाशी बोलून दुसऱ्या वर्षी पूर्ण मोजणी थांबवा. यातली एक जरी अट तुटली, तर तिसऱ्या जूनपर्यंत दोन्ही चालू ठेवा. पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत: आधी शंभर कोड, मग वर्ग, मग `OMCO` आणि `MICN` ची मांडणी, आणि सगळ्यात शेवटी परीक्षकाची बैठक.